रोजच्या सौद्यातला पाचवा हिस्सा

बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावात, देवळामागच्या सभागृहात त्रेपन्न साली एक बैठक झाली, आणि त्या बैठकीतून गजेंद्र बाहेर पडला तो आपला बाप मेल्यासारखा. बाप खरोखर मेला तो पुढच्या वर्षी.

झालं होतं ते असं. आजूबाजूच्या मराठी घरांनी मिळून एक फंड काढला होता. ऊस कापणारी, भाजीपाला लावणारी, एखाददुसरा शाळामास्तर, अशी घरं. लग्नाला, आजारपणाला, पोराच्या शिक्षणाला उपयोगी पडावा म्हणून. अध्यक्ष देवानंद. कार्तिए मिलितेरच्या नाक्यावर त्याचं दुकान होतं, दोन लॉऱ्या होत्या आणि बोलायला बसला की समोरचा माणूस मान हलवायलाच लागे. गजेंद्र त्याच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. राजधानीत, पोर्ट लुईत, मुस्यू लाव्हाल नावाच्या शेअरदलालाच्या पेढीवर तो कारकून होता, म्हणून त्यालाही फंडाच्या कमिटीवर घेतलं होतं.

देवानंदाला कुणीतरी कानात सांगितलं की गोणपाट विणणारी एक छोटी कंपनी लवकरच वर येणार आहे. त्यानं फंडाचा जवळजवळ सगळा पैसा त्या कंपनीच्या शेअरांत घातला. गजेंद्र तेव्हाच म्हणाला होता, "देवादादा, या कंपनीचे शेअर आठवड्यात दहा-वीस विकले जातात. आपण घेतोय हजारांनी. कंपनी चांगली असेलही, पण उद्या विकायचे झाले तर घेणारा कोण?"

"वर चढलं की घेणारे रांग लावतील, मो फ्रेर, माझ्या भावा," देवानंद हसून म्हणाला होता.

पुढं काय झालं ते सांगायला नको. कंपनीच्या हातचं एक मोठं काम गेलं, लोक फंडातून पैसे मागायला लागले, आणि देवानंदानं घाबरून एका आठवड्यात सगळे शेअर बाजारात ओतले. गिऱ्हाईक चार, माल हजारांचा. भाव कंपनीनं जेवढा पाडला नसता तेवढा फंडाच्याच विक्रीनं पाडला. तिसरा हिस्सासुद्धा हाती आला नाही.

मग ती बैठक. देवानंद उभा राहिला, गळ्यातलं उपरणं नीट केलं आणि शांतपणे म्हणाला, "मी दुकानदार माणूस. शेअरातलं मला काय कळतं? बाजारात आपला माणूस होता. त्यानं सांगितलं, मी घेतले. आता विकणाऱ्यांकडून त्याला दलाली मिळाली की नाही, ते त्याचं त्याला ठाऊक."

सगळ्यांच्या माना गजेंद्राकडे वळल्या. तो ओरडला, शपथा घेतल्या, पण शपथ घेणाऱ्याकडे लोक आणखीच संशयानं बघतात. पहिल्या रांगेत त्याचे वडील सीताराम बसले होते. वीस वर्षं त्या देवळातली गणपतीची आरती तेच म्हणत आले होते. ते उठले, मुलाकडे पाहिलंही नाही, आणि काठी टेकत बाहेर गेले. त्यानंतर ते देवळाची पायरी चढले नाहीत. चतुर्थीला आरतीचा आवाज घरापर्यंत येई, तेव्हा ते आतल्या खोलीत जाऊन बसत. पुढच्या पावसाळ्यात गेले. मरताना म्हणाले, "गजा, तू तसं केलं नाहीस ना रे?"

गजेंद्राला देवानंदाच्या खोटेपणापेक्षा हा प्रश्न जास्त लागला. आपल्या बापाला असं विचारावं लागलं. त्या दिवशी त्यानं मनाशी गाठ मारली. बायको विद्यावती त्याला पुष्कळदा म्हणे, "सोडा हो आता. देव बघून घेईल." तो म्हणे, "देवाला शेअरातलं कळत नाही. मला कळतं."

*

पुढची दहा वर्षं गजेंद्रानं पोर्ट लुईत काढली. रोज पहाटेच्या बसनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. मुस्यू लाव्हालच्या पेढीवर तो हळूहळू वर चढला. दलालांच्या चेंबरमध्ये सकाळी बैठक भरे. कंपन्यांची नावं एकेक करून पुकारली जात, घेणारा घ्यायचा भाव ओरडे, विकणारा विकायचा, आणि जमलं तर सौदा. साखरेच्या मोठ्या मळ्यांच्या शेअरांना कोण ना कोण गिऱ्हाईक असे. पण छोट्या कंपन्यांचं नाव पुकारलं की पुष्कळदा खोलीत खोकल्याशिवाय आवाज नसे. पुकारणारा क्षणभर थांबे आणि पुढच्या नावाकडे वळे.

त्या शांततेनं गजेंद्राला जे शिकवलं, ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. त्यानं स्वतःशी एक नियम बांधला आणि पुढं पेढीलाही तो पाळायला लावला. कुठल्याही कंपनीचे शेअर घ्यायच्या आधी बघायचं, एका बैठकीत सरासरी किती विकले जातात. त्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त आपण एका दिवसात विकायचे नाहीत. कारण त्याहून जास्त विकायला गेलं की बाजार आपल्याला ओळखतो, घेणारा हात आखडतो आणि भाव आपल्याच वजनानं खाली बसतो. आणि एकूण किती घ्यायचे? तर या चालीनं तीस बैठकांत संपतील एवढेच. एक शेअरही वर नाही, मग कंपनी सोन्याची का असेना.

मुस्यू लाव्हाल सुरुवातीला हसत. "तू फार भित्रा आहेस," म्हणत. पण साठ सालच्या वादळानंतर अर्धं बेट मोडून पडलं, जो तो रोख पैसा शोधायला धावला, तेव्हा पेढीच्या गिऱ्हाइकांना आपले शेअर महिना-दीड महिन्यात विकता आले. शेजारच्या पेढीची गिऱ्हाइकं वर्षभर अडकून पडली. तेव्हापासून मुस्यू गजेंद्राला विचारल्याशिवाय छोट्या कंपनीला हात लावत नसत. एका विमा कंपनीनं गुंतवणुकीसाठी घेतलेले शेअर पेढी सांभाळत होती, त्यांतली खरेदी-विक्रीही त्यांनी गजेंद्रावरच सोपवली.

त्रेसष्ट साली गजेंद्राची ही कीर्ती कार्तिए मिलितेरपर्यंत पोचली, आणि एका सकाळी पेढीच्या दारात देवानंद उभा राहिला.

केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण हसणं तेच. "गजू," तो म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. आपण एका गावचे. मी विचार केला, परक्याकडे कशाला जायचं?"

गजेंद्रानं खुर्ची पुढं केली. "बसा, देवादादा. चहा घेणार?"

देवानंदाला चहाच घ्यायचा होता, पण कपातला नव्हे. वरच्या पठारावर ला ब्र्युम नावाची एक चहाची कंपनी होती. लहान, जुनी, दोन फ्रेंच घराण्यांच्या ताब्यातली. बाहेर तिचे थोडेच शेअर फिरत. देवानंदानं तिचा मळा पाहिला होता, माल नेणाऱ्या लॉऱ्या त्याच्याच होत्या, आणि धंदा वाढतोय हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. कंपनी चांगली होती. त्याबद्दल तो चुकला नव्हता.

"किती घ्यावेत?" तो म्हणाला. "लोक म्हणतात, तुझा काहीतरी नियम आहे. तोच लावू. त्या वेळची चूक पुन्हा नको."

'त्या वेळची चूक.' गजेंद्रानं ते शब्द ऐकले आणि गिळले. मग त्यानं आपला नियम सांगितला, एक अक्षरही न लपवता. रोजच्या सरासरीचा पाचवा हिस्सा आणि तीस बैठका.

"मग सरासरी किती आहे ला ब्र्युमची?"

गजेंद्रानं गेल्या तीन महिन्यांचे सौदे काढले. त्या तीन महिन्यांत साठ बैठका झाल्या होत्या. बेरीज करून भागाकार केला आणि कागद देवानंदासमोर सरकवला. "बैठकीला चारशे तीस."

आकडा खरा होता. पण त्या साठ बैठकांतल्या एका बैठकीत ला ब्र्युमच्या मालकांपैकी दोन भावांनी वाटणी केली होती. बापाच्या नावचे चोवीस हजार शेअर एका भावाकडून दुसऱ्याकडे गेले होते. कागदोपत्री रीतसर व्हावं म्हणून तो सौदा चेंबरमधून नेला होता, आणि तो सौदा करून देणारा दलाल स्वतः गजेंद्र होता. तो एक दिवस काढून टाकला तर ला ब्र्युमचे शेअर बैठकीला तीसच्या आसपास विकले जात. तीसचा पाचवा हिस्सा सहा. तीस बैठकांत एकशे ऐंशी. खरी मर्यादा एवढीच होती.

देवानंदानं कागदावर बोट ठेवून हिशेब केला. "चारशे तीसचा पाचवा हिस्सा शहाऐंशी. तीस बैठका... अडीच हजारांच्या वर गेलं की!"

"आकडा तसा येतो खरा," गजेंद्र म्हणाला.

"मग अडीच हजार घेऊ. मर्यादेच्या आतच." त्यानं समाधानानं मांडीवर थाप मारली. "बघ, आता मी किती शहाणा झालोय!"

पुढचा प्रश्न त्यानं विचारला असता तर? रोज एवढे शेअर खरंच विकले जातात का, की मधे काही एकदम झालं होतं? प्रश्न सरळ होता. कुणीही शेतकरी विचारतो, पाऊस महिनाभर पडला की एकाच रात्री. देवानंदानं विचारला नाही. गजेंद्रानं वाट पाहिली. कागद मुद्दाम तसाच पुढ्यात राहू दिला, देवानंदानं टोपी घालेपर्यंत. मग उचलून ठेवला.

*

त्या संध्याकाळी घरी त्यानं विद्यावतीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"त्यानं जे विचारलं ते सगळं सांगितलं. एक शब्द खोटा नाही."

"दलालीबद्दल तोही त्या दिवशी सभेत उघड खोटं बोलला नव्हता," ती म्हणाली. "'दलाली मिळाली की नाही ते त्याला ठाऊक.' एवढंच म्हणाला होता."

"म्हणूनच," गजेंद्र म्हणाला. "त्याच मापानं."

ती सूप उचलून आत गेली.

देवानंदानं खरेदी सुरू केली. चेंबरमध्ये ला ब्र्युमचं नाव पुकारलं की गजेंद्र हात वर करी. रोज तीस, चाळीस, कधी पन्नास. एवढे शेअर बाहेर नव्हतेच, म्हणून ते काढायला भाव वाढवावा लागे. वीस रुपयांचा शेअर बावीस झाला, चोवीस झाला. जुने लोक पेट्यांतले कागद शोधून विकायला आले. देवानंद महिन्यातून एकदा पेढीवर येई आणि भिंतीवरच्या भावांच्या फळ्याकडे कौतुकानं बघे.

"पाहिलंस?" तो म्हणे. "आता रोज सौदे होतात ला ब्र्युममध्ये. पूर्वी नाव पुकारलं की सगळे गप्प. बाजार जागा झाला!"

"रोज सौदे होतात खरे," गजेंद्र म्हणे.

बाजार जागा झाला नव्हता. बाजार म्हणजे देवानंदच होता. ज्या गर्दीच्या भरवशावर तो आत शिरत होता, त्या गर्दीत त्याच्याशिवाय माणूस नव्हता. आणि ज्या दिवशी तो घ्यायचा थांबेल, त्या दिवशी ती गर्दीही त्याच्याबरोबर उठून जाणार होती. गजेंद्राला हे दिसत होतं, आणि बसमध्ये बसल्याबसल्या, दोन्ही बाजूंना ऊस सळसळत असताना, त्याला त्यात गोडी वाटत होती. त्यानं ती स्वतःपाशी नाकारली नाही. दहा वर्षांत त्याला इतकी शांत झोप लागली नव्हती.

खरेदीसाठी देवानंदानं बँकेचं कर्ज काढलं होतं. दुकान तारण, लॉऱ्याही तारण. अडीच हजार पुरे झाले तेव्हा भाव सत्तावीस होता, आणि देवळाच्या सभागृहात तो लोकांना सांगत होता की शेअरबाजार म्हणजे काही जादू नव्हे, डोकं पाहिजे.

चौसष्टच्या मध्यावर बँकेनं कर्ज परत मागितलं. ला ब्र्युमचं काही वाईट झालं नव्हतं. लाभांश वेळेवर येत होता. बँकेला आपले पैसे हवे होते, एवढंच. चार महिन्यांची मुदत दिली.

देवानंद हसतच आला. "पाचशे काढून टाक आज. नफा आहेच."

"एकदम पाचशे?"

"आपली रोजची मर्यादा शहाऐंशी, ठाऊक आहे. पण भाव चढाच आहे. सगळ्यांना हवेत."

"तुमचा हुकूम," गजेंद्र म्हणाला.

त्या सकाळी ला ब्र्युमचं नाव पुकारलं गेलं आणि गजेंद्रानं विकायला पाचशे सांगितले. खोलीतल्या माना वर झाल्या. इतके महिने एकच माणूस घेत होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज त्याच पेढीतून विक्री निघाली, म्हणजे तो माणूस अडला, हे कळायला वेळ लागला नाही. एकानं पंधरा शेअर घेतले, सव्वीसला. दुसऱ्यानं बाविसाची बोली दिली, दहासाठी. मग कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बोली एकोणीसवर आली. आठवड्याच्या शेवटी पंधरावर. ज्यांना पाच-दहा घ्यायचे होते तेही थांबले. माल पडून आहे म्हटल्यावर घाई कुणाला? आणि सौदे कमी झाले तशी सरासरीही खाली आली, म्हणजे मर्यादाही खाली आली. विकायला जितकी घाई करावी तितकं दार अरुंद होत गेलं.

मग देवानंद आला तो न हसता आला. खुर्चीवर बसला, टोपी हातात धरून.

"गजू, हे काय होतंय? तुझ्या नियमाप्रमाणे तीस बैठकांत संपायला हवेत ना? शहाऐंशी रोजचे."

गजेंद्रानं पेढीचं दार लोटलं. या क्षणाची त्यानं इतकी वर्षं तालीम केली होती, पण शब्द अगदी साधे आले.

"त्या चारशे तीसमधले चारशे एकाच दिवसाचे होते. दोन भावांची वाटणी होती. चोवीस हजार शेअर इकडून तिकडे गेले. ते कधी विकायला नव्हतेच. उरले ते तीस. त्याचा पाचवा हिस्सा सहा."

देवानंदाला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. "सहा? म्हणजे... वर्ष..."

"दीड वर्षाच्या वर. तेही मधे कुणी घाई केली नाही तर."

"तुला ठाऊक होतं?"

"तो सौदा मीच करून दिला होता."

"आयो!" देवानंद ओरडला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही." गजेंद्र पुढं वाकला. "देवादादा, मी त्रेपन्न साली न विचारता सांगितलं होतं. घेणारा कोण, म्हणून. आठवतं? त्याचं काय केलंत तुम्ही?"

बाहेर बंदरावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. देवानंद टोपीची कड चुरगाळत राहिला. मग तो म्हणाला, "माझी पोरं आहेत, गजू."

"माझा बाप होता."

*

दोन दिवसांनी देवानंद सरळ मुस्यू लाव्हालना भेटला. सगळे शेअर एकरकमी घ्या म्हणाला, बारा रुपयांनी. मुस्यूंचे डोळे चमकले. त्यांनी गजेंद्राला बोलावलं. "सत्तावीसचा माल बाराला! कंपनी धडधाकट आहे. विमा कंपनीसाठी घेऊन टाकू."

"नको, मुस्यू."

"का? स्वस्त आहे!"

"स्वस्त मिळाला म्हणून विकायला सोपा होत नाही. आज अडकला आहे तो माणूस. उद्या त्याच्या जागी आपण असू, आणि तेव्हा बाराचीही बोली नसेल. विमा कंपनीला कधी पैसा लागेल ते सांगता येत नाही. आपली मर्यादा एकशे ऐंशीची. अडीच हजार म्हणजे तिच्या कितीतरी पट."

बोलणं पक्कं होतं. मुस्यूंना त्यात खोट काढता आली नाही. त्यांनी हात झटकले. "तू म्हणशील तसं. पण गजेंद्र, हे तुझा नियम बोलतो की दुसरं काही?"

नियम खरा होता, आणि सूडही खरा होता. दोन्ही एकाच वाटेनं चालले होते, आणि त्याला त्यांना वेगळं करायची गरज वाटत नव्हती.

त्या रविवारी देवानंदाची बायको पुष्पावती विद्यावतीकडे आली. ओट्यावर बसली, रडली नाही, पदर तोंडावर धरून राहिली. ती गेल्यावर विद्यावती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बस झालं आता."

"अजून नाही."

"काय पाहिजे तुम्हाला? त्यानं मरायला पाहिजे का?"

"मरायला नको," गजेंद्र म्हणाला. "बोलायला पाहिजे. जिथं बोलला होता तिथंच."

निरोप तिनंच पोचवला. अट साधी होती. विमा कंपनीच्या नावावर गजेंद्र ला ब्र्युमचे शेअर घेऊ शकत होता, मर्यादेत. देवानंदानं चतुर्थीच्या दिवशी सभागृहात उभं राहून त्रेपन्न सालचं खरं सांगावं. मग गजेंद्र घ्यायला सुरुवात करील. नाही सांगितलं तर एकही नाही.

देवानंदाला दुसरा मार्ग नव्हता. चतुर्थीला देवळात माणूस मावत नव्हता. मोदकांचा वास, समईचा धूर, नव्या लुगड्यांची सळसळ. आरती झाल्यावर देवानंद उभा राहिला. पूर्वी त्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचे. त्या दिवशी पुढच्या रांगेलाही कान द्यावा लागला.

"फंडाचे शेअर मी घेतले होते. गजेंद्रानं नको म्हटलं होतं. दलालीचं मी... ते मी बनवून सांगितलं. सीतारामकाकांचा मुलगा निर्दोष होता."

मागून कुणीतरी म्हातारा ओरडला, "मोठ्यानं बोल! तेव्हा मोठ्यानं बोलला होतास!"

देवानंदानं पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. आवाज फाटला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गजेंद्र दाराजवळ उभा होता. त्याला वाटलं होतं छातीवरचा दगड उतरेल. दगड उतरला नाही. पण तो माणूस तिथं उभा राहून थरथरतो आहे, हे बघून त्याला पोटभर जेवल्यासारखं झालं, आणि ते त्यानं मनापासून चाखलं.

दुसऱ्या दिवशी चेंबरमध्ये ला ब्र्युमचं नाव पुकारलं गेलं. गजेंद्रानं हात वर केला. "सहा."

त्याच्या पुढच्या बैठकीत, "सहा." त्याच्याही पुढच्या, "सहा."

आठवडाभरानं देवानंद धापा टाकत पेढीवर आला. "अरे, मी सगळं सांगितलं! सगळ्यांसमोर! लोक माझ्या पोरांना बोलतात रस्त्यात!"

"सांगितलंत म्हणून तर घेतोय."

"सहा? सहानं माझं काय होणार? बँकेची मुदत संपायला आली!"

"एवढंच बसतं मर्यादेत," गजेंद्र म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात, नियमच लावू."

एकशे ऐंशी झाले तसा त्याचा हात खाली आला, तो पुन्हा वर गेला नाही. बाकीचे शेअर देवानंदानं शेवटी ला ब्र्युमच्याच मालकांना दिले, आठ रुपयांनी. त्यांना विकायची घाई कधीच पडणार नव्हती, म्हणून त्यांना कुठलीच मर्यादा लागू नव्हती. बँकेनं लॉऱ्या नेल्या, मग दुकान. कार्तिए मिलितेरच्या नाक्यावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागली.

देवानंद आपल्या मेहुण्याकडे गुडलँड्सला गेला. तिथं मेहुण्याचं कापडाचं दुकान होतं, बाजारालगत. गजेंद्राला हे कळलं तेव्हा एका शनिवारी तो विद्यावतीला घेऊन मुद्दाम तिकडं गेला. दोन बस बदलून. तिला म्हणाला, शर्टाला कापड घ्यायचंय.

"कापड मोंतान्य ब्लांशला मिळत नाही का?" विद्यावतीनं विचारलं. तो बसथांब्याकडे चालू लागला.

दुकानात देवानंद कापड मोजायची पट्टी घेऊन उभा होता. त्यानं वर पाहिलं. दोघांच्या नजरा भिडल्या. गजेंद्रानं एका निळ्या ठाणाकडे बोट केलं. "अडीच वार."

देवानंदानं कापड पसरलं, मापलं, कात्री चालवली. हात सराईत नव्हता, कापड तिरकं गेलं. त्यानं तो तुकडा बाजूला ठेवला आणि नव्यानं सरळ कापून दिला. कागदात गुंडाळलं. पैसे मोजून घेतले, सुटे परत दिले.

बाहेर आल्यावर विद्यावतीनं नवऱ्याकडे निरखून पाहिलं. "बरं वाटलं?"

"हो," गजेंद्र म्हणाला.

"खरं सांगता ना?"

"खरंच बरं वाटलं."

ती थांबली. मग बाजाराच्या गर्दीत त्याला तिथंच सोडून ती परत दुकानात शिरली. आत पुष्पावती गल्ल्यापाशी बसली होती. विद्यावती तिच्याशेजारच्या बाकावर बसली आणि दोघी बोलायला लागल्या. गजेंद्र कापडाचं पुडकं काखेत धरून उन्हात उभा राहिला. बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. विद्यावती बाहेर आली नाही, आणि आत जाऊन तिला बोलवायची त्याची हिंमत झाली नाही.